हरतालिकेचा निर्जळ उपवास करणार नाही, हे सासूबाईंना कसं सांगायचं

दरवर्षी भाद्रपद जवळ आला की माझ्या मैत्रिणी, चुलत बहिणी, ऑफिसमधल्या मुली एकच प्रश्न विचारतात, आणि बहुतेकजणी विचारतात तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ झालेली असते. तोपर्यंत काही सांगायची वेळ निघून गेलेली असते, मग एक तर गुपचूप उपवास करायचा नाहीतर गुपचूप खायचं एवढंच हातात उरतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. उदाहरण हरतालिकेचंच घेतलंय कारण दुसऱ्या दिवशी गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि त्यात निर्जळ उपवास, म्हणजे नाही म्हणायला सगळ्यात अवघड दिवस हाच.

माझी केस आधी सांगते. मला मायग्रेन आहे, उपाशी राहिलं आणि पाणी कमी पडलं की हमखास उठतो. सासरी (सातारा जिल्हा, घरचा गणपती, मोठं कुटुंब) हरतालिका कडक करतात, पाणीसुद्धा नाही, रात्री बाराला रुईच्या पानाला तूप लावून चाटायचं आणि मग पाणी. 2024 ला हरतालिका 6 सप्टेंबरला होती. मी त्या दिवशी सकाळी सात वाजता, सासूबाई वाळूची पिंड करायला बसल्या असताना, दोन्ही काकूंसमोर म्हटलं की मी या वर्षीपासून उपवास करणार नाहीये. त्या काही बोलल्या नाहीत पण गौरी जाईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. 2025 ला तेच सांगितलं, तोच नकार, पण पद्धत वेगळी, आणि 26 ऑगस्टला मी त्यांच्या शेजारी बसून पूजा केली आणि दुपारी वरणभात जेवले. काय बदललं ते खाली.

## 1. आधी कागदावर लिहा: नेमकं काय नको आहे

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. "मी हरतालिका करणार नाही" हे वाक्य सासूबाईंना ऐकू येतं ते असं, की ही पूजेला बसणार नाही, पत्री आणणार नाही, कहाणी ऐकणार नाही, ही आमच्या घरचं काहीच मानत नाही. तुम्हाला मात्र फक्त पाणी न पिता राहायचं नसतं.

म्हणून हरतालिकेचे तुकडे पाडा. पत्री आणि फुलं गोळा करणं, वाळूची पिंड आणि सखीपार्वतीच्या मूर्ती मांडणं, पूजा, कहाणी, वाण, दिवसभर अन्न न खाणं, पाणी न पिणं, रात्रीचं जागरण, दुसऱ्या दिवशीची उत्तरपूजा. प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहा: करेन, करणार नाही, चालेल. माझ्या कागदावर "करणार नाही" फक्त दोन ठिकाणी होतं, पाणी आणि अन्न. जागरणापुढे "अकरापर्यंत" असं लिहिलं होतं कारण पहाटे गणपतीची तयारी असते. बाकी सगळ्यापुढे "करेन".

तुमचा कागद वेगळा असू शकतो. एखादीला पूजाच पटत नसेल, नवऱ्याच्या आयुष्यासाठी व्रत ही कल्पनाच मान्य नसेल, तर तिचे "करणार नाही" जास्त असतील आणि ते तसेच ठेवावेत. पण मग जे "करेन" आहे ते खरंच करायची तयारी हवी. नुसतं गोड वाटावं म्हणून पूजेला बसते म्हणालात आणि त्या वेळी फोन बघत बसलात तर त्यापेक्षा नाही म्हणालेलं बरं.

चेक: तुमचा नकार एका वाक्यात बसतोय का? बसत नसेल तर अजून तुमचंच ठरलेलं नाही, थांबा.

## 2. कारण एकच, आणि खरं

आता कारण. इथे तीन खोटी कारणं फार चालतात, तिन्ही नंतर अंगावर येतात.

पहिलं, "पाळी आलीये". पाळणाऱ्या घरात याचा अर्थ तुम्ही दुसऱ्या दिवशी गणपतीच्या स्थापनेलाही नाही, मोदकाच्या उकडीला हात नाही, आरतीला लांब उभं राहायचं. एका दिवसाचा उपवास टाळायला चार दिवस बाजूला बसावं लागतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच तारीख कशी जुळवणार?

दुसरं, "डॉक्टरांनी सांगितलंय", आणि सांगितलेलं काहीच नसतं. सासूबाई खरोखर काळजीत पडतात, कोणते डॉक्टर, काय निघालं, रिपोर्ट दाखव, आणि आठवड्याभरात सगळ्या नातेवाइकांत तुम्हाला काहीतरी आजार आहे असं पसरतं. वर पुढच्या वर्षी "आता बरी आहेस ना, मग कर" हे तयारच.

तिसरं म्हणजे काही न सांगता चोरून चहा पिणं. सापडलात तर विषय उपवासाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

खरं कारण दोन प्रकारचं असतं आणि दोघांचे शब्द वेगळे. तब्येतीचं असेल तर "मला सोसत नाही". पटत नसेल तर "मला मनापासून करता येत नाही". यांची अदलाबदल करू नका. पटत नसताना "जमत नाही" म्हणालात की समोरून उपाय यायला लागतात, पाणी पी, फळं खा, अर्धा दिवस कर, कारण जमत नाही या शब्दाचा अर्थच मदत करा असा होतो. त्या उपाय देत राहतात, तुम्ही नाकारत राहता, आणि दोघीही चिडता.

सावध: गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर निर्जळ उपवासाबद्दल आधी खरंच डॉक्टरांना विचारा. हे सासूबाईंना पटवायला नाही, तुमच्यासाठी.

## 3. त्यांच्या बाजूने कहाणी एकदा वाचा

हरतालिकेची कहाणी बहुतेक घरात पोथीत असते, दोन पानांची आहे, वाचून काढा. शंकर पार्वतीला सांगतात अशी ती कथा, आणि शेवटाकडे स्पष्ट लिहिलंय की या दिवशी जी बाई खाईल ती वांझ आणि विधवा होते, दारिद्र्य येतं, पुत्रशोक होतो.

तुमच्या सासूबाईंनी हे वाक्य पंचवीस तीस वर्षं दरवर्षी ऐकलंय. आणि इथे नवरा म्हणजे कोण, तर त्यांचा मुलगा. म्हणजे तुम्ही जेव्हा "मी खाणार" म्हणता तेव्हा त्यांच्या पोटात गोळा येतो तो हट्टाचा नसतो, भीतीचा असतो. त्या हे तोंडाने म्हणणार नाहीत, अशुभ बोलायचं नसतं म्हणून, त्याऐवजी "लोक काय म्हणतील" म्हणतील. मला हे 2024 मध्ये कळलंच नव्हतं. मी लोकांचं उत्तर देत बसले आणि त्यांची खरी काळजी तशीच राहिली.

हे समजलं की दोन गोष्टी आपोआप टळतात. एक, "असल्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवतं" हे वाक्य तुम्ही बोलत नाही. दोन, पूजा, कहाणी, वाण यातलं जेवढं तुमच्या कागदावर "करेन" आहे ते का महत्त्वाचं हे कळतं, कारण त्यांच्या भीतीला तेवढाच आधार असतो.

## 4. नवऱ्याला आधी, पण निरोप्या म्हणून नाही

"तू सांग ना आईला" ही सगळ्यात मोठी चूक. मुलाने सांगितलं की आईला वाटतं सुनेने शिकवून पाठवलंय, आणि तुम्ही समोर यायला घाबरलात हेही दिसतं. उलट त्याला काहीच न सांगता तुम्ही बोललात तर आई त्याला फोन करते, तो म्हणतो "मला माहीतच नाही", आणि तुम्ही एकट्या पडता.

त्याचं काम तीन ओळींचं आहे. बोलताना तो त्याच घरात असेल, पण त्याच खोलीत नसला तरी चालेल. आईने नंतर विचारलं तर तो म्हणेल, "हो, आमचं बोलणं झालंय, मलाही ती उपाशी राहिलेली नको आहे, माझी काळजी करू नकोस." आणि तो तुमच्या वतीने भांडणार नाही. हे शेवटचं नीट बजावून सांगा, कारण काही मुलगे अशा वेळी आईची दहा वर्षांची जुनी गाऱ्हाणी बाहेर काढतात आणि तुमचा उपवास कुठल्या कुठे राहतो.

चेक: ते वाक्य त्याच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. "माझी काळजी करू नकोस" हा भाग गाळत असेल तर पुन्हा, कारण कहाणीतल्या भीतीचं उत्तर तेवढंच आहे आणि ते त्याच्याच तोंडून यायला हवं.

## 5. वेळ आणि जागा

निदान तीन चार आठवडे आधी. 2025 ला श्रावण 25 जुलैला लागला, आम्ही रविवारी, 27 तारखेला गावी गेलो तेव्हा मी बोलले, म्हणजे बरोबर तीस दिवस आधी. श्रावणाच्या सुरुवातीला सणांचा विषय घरात तसाही चालू असतो त्यामुळे मुद्दाम काढल्यासारखं वाटत नाही, आणि त्यांना विचार करायला, रागवायला आणि राग जायला वेळ मिळतो. आदल्या दिवशी सांगितलं तर ते सांगणं राहत नाही, धक्का होतो.

फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको, मेसेज दुसऱ्याला दाखवता येतो आणि त्यात आवाज नसतो. तुम्ही परदेशात असाल आणि फोनशिवाय इलाजच नसेल तर व्हिडिओ कॉल करा, पण त्या एकट्या असताना, आधी विचारून.

जागा अशी निवडा की दोघींचे हात कामात असतील. आम्ही दुपारच्या चहानंतर ओट्यावर बसून मेथी निवडत होतो. हातात काम असलं की सतत एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही आणि गप्प बसलं तरी ते अवघड वाटत नाही. गॅसवर काही असताना मात्र बोलू नका, त्यांचं निम्मं लक्ष तिकडे असतं आणि करपलं तर त्याचं खापर तुमच्या विषयावर.

सावध: जाऊ, नणंद, काकू, शेजारीण, कोणीही तिसरं नको. दुसऱ्या बाईसमोर सासूबाईंना सासू म्हणूनच वागावं लागतं. आणि जावेला आधी सांगून ठेवू नका, ती कितीही जवळची असो, कारण ही गोष्ट त्यांना दुसरीकडून कळली की तुमचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच संपलं.

## 6. बोलायची वाक्यं

क्रम महत्त्वाचा: आधी काय करणार ते, मग काय करणार नाही ते, मग कारण, मग थांबायचं. माझं जसंच्या तसं देते.

"आई, हरतालिकेबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं. पूजेला मी तुमच्याबरोबर बसणार आहे, पत्री मी आणीन, कहाणी वाचायला सांगितलीत तर वाचीन. पण उपवास मी या वर्षी करणार नाही, पुढेही नाही. उपवास केला तेव्हा रात्री उलट्या झाल्या आणि सकाळी गणपतीला मी उभी राहू शकले नाही, मला ते सोसत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी सांगतेय, लपवून काही करायचं नव्हतं."

यात "करू का", "चालेल का", "तुम्ही म्हणाल तसं" असं काही नाही हे बघा. परवानगी मागितलीत तर नकार मिळू शकतो आणि मग नकार मोडून वागणं जास्त अपमानाचं. आदर हा "आई", "तुम्ही" यात, आधी सांगण्यात आणि आवाजात असतो, प्रश्नचिन्हात नसतो. "पुढेही नाही" हे दोन शब्द म्हणायला जड जातात, पण ते गाळले तर दर श्रावणात हेच बोलणं नव्याने करावं लागतं.

तुमचं कारण न पटण्याचं असेल तर चौथं वाक्य असं: "मला ते मनापासून करता येत नाही, आणि खोटं खोटं करून तुमच्या शेजारी बसायचं मला बरोबर वाटत नाही." याच्यापुढे स्त्रियांनीच का, पुरुषांनी का नाही, हे भाषण जोडू नका. मुद्दा रास्त आहे, मलाही तो पटतो, पण त्या वेळी तो त्यांनी आयुष्यभर केलेल्या उपवासांवर निकाल दिल्यासारखा लागतो.

बोलून झालं की गप्प बसा. खरंच गप्प. मी मेथीच्या अख्ख्या दोन जुड्या निवडल्या तोपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. ही शांतता सहन न होऊन बहुतेकजणी स्वतःच म्हणतात, "म्हणजे बघू, फळं खाऊन करते वाटलं तर", आणि सगळं परत शून्यावर.

## 7. समोरून काय येतं

"आम्ही नाही का केलं?" याला वाद नको. "केलंत आई, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून 21 मोदकही केलेत, मी बघितलंय. माझ्याने नाही होत." जे त्यांनी केलं ते मान्य करायचं आणि आपलं वाक्य पुन्हा तेच ठेवायचं.

"पाणी पी, फळं खा, पण मोडू नको." इथे तुमचा कागद आठवा. फळांवर राहणं "चालेल" मध्ये असेल तर लगेच हो म्हणा, बऱ्याच घरात एवढ्यावर सगळं मिटतं आणि दोघींनाही ते खरंच चालतं. नसेल तर, "नाही आई, मी साधं जेवणार आहे, पण पूजा झाल्यावर." मी हेच म्हटलं.

"धरलेलं व्रत असं सोडता येत नाही." हे खरं पेच असलेलं वाक्य आहे आणि त्याला त्यांच्याच जगातलं उत्तर आहे. व्रत बंद करायचं तर उद्यापन करतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. "मग उद्यापन करूया, गुरुजींना तुम्हीच विचारा" असं म्हणा आणि ते काम त्यांच्यावर सोपवा. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, तूप, ब्राह्मणाची इच्छा, गुरूंचं वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असा जुना श्लोकच आहे, गुरुजींना तो ठाऊक असतो. पण तो तुम्ही तोंडावर फेकू नका, सुनेने शास्त्र शिकवलं की ते शास्त्र उरत नाही. गुरुजींकडून आला तर दिलासा वाटतो.

रडणं किंवा उठून जाणं. मागे जाऊन समजूत काढू नका आणि शब्दही मागे घेऊ नका. भाजी निवडून पूर्ण करा, संध्याकाळी नेहमीसारखा चहा विचारा. माझ्या सासूबाई त्या रात्री मुलाशी बोलल्या, त्याने ठरलेलं वाक्य सांगितलं, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की पत्री बाजारातून आणणार की मळ्यातून. बोलणं झालं ते एवढंच, "ठीक आहे" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मी वाटही बघितली नाही.

चेक: बोलण्यानंतर आठवडाभर तुम्ही हा विषय स्वतःहून काढलेला नाही ना? काढलात तर त्यांना वाटतं अजून नक्की नाही.

## 8. प्रत्यक्ष हरतालिकेचा दिवस

इथे बोललेलं खरं करून दाखवायचं. मी आदल्या संध्याकाळी बेल, आघाडा, रुई, दुर्वा आणि मिळतील ती पानं आणून ओल्या फडक्यात ठेवली. सकाळी आंघोळ करून त्यांच्याबरोबर बसले. पूजा होईपर्यंत मी फक्त पाणी पीत होते, हा माझा निर्णय, तुमच्या त्रासात सकाळीच खाणं गरजेचं असेल तर सहाला उठून आत खाऊन घ्या.

जेवणाचं असं करा की कोणालाही तुमच्यासाठी वेगळं करावं लागणार नाही. घरातले पुरुष आणि मुलं जेवतातच, त्यांच्यासाठी जे होतं त्यातलंच, त्यांच्याबरोबर. ज्या बाया पाण्याशिवाय बसल्यात त्यांच्यासमोर ताट घेऊन बसायचं नाही, आणि स्वयंपाकघराचं दार लावून लपूनही खायचं नाही. दुपारी मीच वाढायला घेतलं, उपवास असलेल्या बायकांना तेवढीच विश्रांती, आणि सगळ्यात शेवटी मी जेवले.

काकूंनी विचारणारच. याचं उत्तर आदल्या दिवशी सासूबाईंबरोबर ठरवून ठेवा, "आई, कोणी विचारलं तर काय सांगूया?" एवढा प्रश्न त्यांना विचारलात की लोकांसमोर त्या तुमच्या बाजूला येतात. आमच्या त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "तिला त्रास होतो, मीच नको म्हटलं." ते पूर्ण खरं नव्हतं, पण मी खोडलं नाही. चारचौघांत त्यांचा मान त्यांनी ज्या शब्दांत राखला ते शब्द त्यांचे.

सावध: स्टेटसला जेवणाचा फोटो, "नवे पायंडे" वगैरे काही टाकू नका. घरातल्या घरात मिटलेलं सगळ्या गावाला वाचायला मिळतं.

## 9. जेव्हा हे चालत नाही

काही सासवा वर्षभर बोलत नाहीत, त्याला या पद्धतीत उपाय नाही, फक्त वाक्य न बदलणं आणि बाकी वागणं न बदलणं एवढंच करता येतं, दुसऱ्या वर्षी बहुतेक वेळा धार कमी होते. पण जिथे जेवण लपवून ठेवतात, गरोदर असताना पाणी पिऊ देत नाहीत, हात उचलतात किंवा घराबाहेर काढायची धमकी देतात, तिथे हा सगळा क्रम बाजूला ठेवा, तो आदराने नाही म्हणण्याचा विषयच नाही. माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा, महिलांसाठीची 181 हेल्पलाइन आहे, आणि मानसिक छळसुद्धा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात धरला जातो.

## 10. पुढच्या वर्षी

नवा संवाद नको. श्रावणात एकदाच, दुसऱ्या कामाच्या ओघात: "आई, पत्री मी आणते, मागच्या वर्षीसारखंच करूया ना?" आणि त्याच वर्षात दुसरी प्रथा नाकारायला काढू नका, वटपौर्णिमा किंवा चातुर्मासातला कांदालसूण यातलं काही डोक्यात असेल तर मध्ये निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, नाहीतर पहिल्या नकाराचा अर्थही त्या नव्याने लावतात. त्या वेळी पुन्हा कागद घेऊन एक नंबरपासून.